फोटोतला डाग आणि पाठीवरची वेणी

सोलापुरात एक्स-रेला अजूनही ‘फोटो’च म्हणतात. छातीचा फोटो, कमरेचा फोटो. त्या दिवशी एक विडी कामगार मावशी हातात मोठं पाकीट घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या पुढं, तीन आठवड्यांचा खोकला. दुसरीकडं काढलेला छातीचा फोटो पाकिटात होता. “दोन डाग आलेत म्हणं ताई,” त्या म्हणाल्या, “वर एक, खाली एक.” मी तेवीस वर्षं एक्स-रे काढते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फोटो पुन्हा काढा’ एवढंच लिहिलं होतं.

फोटो लाईटबॉक्सवर लावला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी धुरकट पांढरा पट्टा होता आणि डाव्या बाजूला मध्यावर सव्वा सेंटिमीटरचा गोल ठिपका. वरच्या टोकाचा पट्टा आणि जुना खोकला म्हटलं की क्षयरोग आठवतो, कारण मोठ्या माणसांत तो बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात बसतो. गोल ठिपका दिसला की गाठीची भीती. मावशींना रात्रभर झोप लागली नव्हती, यात नवल नाही.

एक्स-रेची सावली नेहमीच्या सावलीच्या उलट, म्हणजे पांढरी असते. ट्यूबमधून निघालेला किरण अंगातून जातो, वाटेत थोडा अडतो आणि उरलेला पाटीवर पोचतो. जितका जास्त अडला तितकी ती जागा पांढरी. धातू सगळ्यात जास्त अडवतो, त्याखालोखाल हाड, मग मांस आणि पाणी, मग चरबी, आणि हवा जवळजवळ नाहीच. पण किरण वाटेत कुठं अडला हे पाटीला कळत नाही. अंगावरचं, अंगातलं, पाठीमागचं, सगळ्यांची बेरीज एकाच ठिपक्यात येते. त्यामुळं ब्लाऊजचं बटण आणि फुप्फुसातली गाठ फोटोत शेजारी शेजारी बसू शकतात.

दागिन्याचा त्रास त्यामानानं सरळ आहे. सोन्याचांदीची सावली इतकी पांढरी आणि कडा इतक्या धारदार की ओळखायला डोकं लागत नाही. १८९५ साली राँटगेननं बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठी हाडांपेक्षाही ठळक उमटली होती. धातूची खोड वेगळीच, तो आपल्यामागचं झाकतो. कमरेच्या फोटोत चांदीचा करगोटा नेमका मणक्यावर येतो, आणि त्याखाली बारीक तडा असेल तर तो दिसत नाही. खरे फसवे ते मंगळसूत्राचे काळे मणी. काचेचे किंवा प्लास्टिकचे असले की ते फिकट गोल दिसतात, अगदी बारीक गाठीसारखे. मंगळसूत्र काढायला बायका तयार होत नाहीत आणि मी आग्रह धरत नाही. वाट्या, मणी सगळं वर ओढून दातात धरायचं आणि हनुवटी उचलायची. मागं पाठीवर टाकून उपयोग नाही, किरण पाठीतूनच येतो.

मावशींच्या फोटोत मंगळसूत्र नव्हतं. मी पट्ट्याची वरची कड बोटानं धरून वर गेले, तर पट्टा फुप्फुसाच्या शेंड्यापाशी थांबत नव्हता. गळपट्टीच्या हाडावरून तो सरळ मानेत गेला होता. फुप्फुसातला आजार फुप्फुसाची हद्द सोडून असा मानेत चढत नाही. नीट पाहिलं तर पट्ट्यात पीळही दिसत होते. मावशींची तेल लावून घट्ट घातलेली, मनगटाएवढी जाड वेणी पाठीवर रुळत होती.

केसांची सावली कशी पडेल, असं वाटतं. मोकळ्या केसांची नाहीच पडत. पण तेलानं भिजलेली, घट्ट पिळलेली वेणी म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा दोर, आणि मागं हवेनं भरलेलं काळं फुप्फुस. काळ्यावर थोडंसं पांढरंही उठून दिसतं. हीच वेणी पोटावर आली असती तर मांसाच्या पांढऱ्यात हरवली असती. कापडाचंही तसंच. पदराचा एक थर किरणाला कळतही नाही. मात्र चुण्या पडून कापड दुमडलं की घडीच्या कडेवर किरणाला कित्येक थर ओलांडावे लागतात आणि तिथं रेघ उमटते. घामानं भिजलं असेल तर आणखी ठळक.

अंगाच्या घडीचाही घोटाळा होतो. म्हाताऱ्या, सैल कातडीच्या माणसाचा फोटो झोपवून काढला की पाठीची कातडी पाटीला चिकटून दुमडते, आणि फुप्फुसाबाहेर हवा साठल्यासारखी कड दिसते. तेव्हा मी कडेच्या पलीकडं रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा शोधते. त्या पलीकडं जात असतील, तर फुप्फुस तिथवर पोचलेलं आहे आणि कड कातडीची असण्याचीच शक्यता जास्त.

मावशींचा पहिला फोटो तिरकाही होता. दोन गळपट्ट्यांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. इथं एक जवळ, एक लांब. अंग वळलं की एक फुप्फुस उगाच पांढरट आणि दुसरं काळं दिसतं. शिवाय श्वास अर्धाच घेतलेला. पूर्ण श्वासात छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर पुढच्या सहा-एक फासळ्या मोजता येतात, इथं चारच होत्या. हवा कमी भरली की फुप्फुसाचा तळ दाटतो आणि हृदय फुगलेलं वाटतं.

मग वेणीचा डोक्यावर अंबाडा घालून पिना काढायला लावल्या. केंद्राचा सुती गाऊन, छाती पाटीला टेकलेली, हात कमरेवर, कोपरं पुढं, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. “मावशी, श्वास घ्या, आणखी घ्या, धरा.” छातीच्या एका फोटोत लागणारे किरण निसर्गातून आपल्याला तसेही काही दिवसांत मिळतात तेवढेच, त्यामुळं दुसरा फोटो काढायला मी कचरत नाही.

पट्टा गेला, तळही स्वच्छ झाला. ठिपका मात्र जागेवर होता.

तो सहाव्या फासळीवर बसला होता. खालच्या सातव्या फासळीवर, त्याच रेषेत, थोडा फुगवटा होता. मी विचारलं, कधी पडला होतात का? आधी नाही म्हणाल्या. मग आठवलं, चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या गाडीवरून घसरून पडल्या होत्या, महिनाभर कूस दुखली, शेक घेतला, दवाखान्यात गेल्या नाहीत. मोडलेली फासळी जुळताना भोवती जादा हाड जमतं. पुढं ते बरंचसं झिजतं, पण काहींच्यात गाठ कायमची राहते, आणि समोरून पाहिलं तर ती फुप्फुसातच आहे असं वाटतं. एका धक्क्यात शेजारच्या फासळ्या मोडतात, म्हणून अशा गाठी एका ओळीत सापडतात.

डॉक्टरांना विचारून एक तिरका फोटो काढला. कोन बदलला की खोलीनुसार सावल्या वेगवेगळ्या सरकतात. ठिपका फुप्फुसाच्या आत असता तर फासळीपासून सुटला असता. तो फासळीला चिकटूनच राहिला. फुप्फुसाच्या अगदी कडेची गाठ इथंही चकवू शकते, आणि तशी शंका उरली तर सीटी स्कॅन करावा लागतो. इथं फासळीची कडच वळून ठिपक्यात शिरलेली दिसत होती, त्यामुळं डॉक्टरांनी ‘जुळलेला जुना अस्थिभंग’ असं लिहिलं.

तरीही त्यांनी थुंकीची तपासणी सांगितलीच. चांगल्या फोटोनंही क्षयरोग नाहीच असं ठरत नाही, आणि फोटोत व्रण दिसला तरी तो जुना की चालू हे एका फोटोवरून सांगता येत नाही. थुंकीत जंतू सापडले नाहीत. खोकल्याचं औषध सुरू झालं, आणि तंबाखूच्या धुळीचं बोलणंही निघालं.

जाताना मावशी जुना फोटो टाकून द्यायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. फासळीची ती गाठ पुढच्या प्रत्येक फोटोत दिसणार, आणि जुन्या फोटोत ती तशीच आहे हे दिसलं की पुढचा डॉक्टर घाबरणार नाही. “कपाटात ठेवा, पत्र्याखाली नको,” म्हटलं. या फिल्मा उष्णतेवर छापलेल्या असतात, मे महिन्यातल्या सोलापूरच्या पत्र्याखाली काळ्या पडतात.