अहवाल मान्य नसलेल्या पालकांना मानसशास्त्रज्ञाचं उत्तर

‘अहवाल आम्हाला मान्य नाही. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून तीच चाचणी लगेच पुन्हा करून घ्यायची आहे.’ मुलाच्या बुद्धिमापनानंतर पालकांचं असं पत्र येणं नवं नाही. दुसरं मत घेणं हा त्यांचा हक्कच आहे आणि उत्तराचं पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं. पण ‘तीच’ आणि ‘लगेच’ या दोन गोष्टींबद्दल पालकांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. एक नमुन्याचं प्रकरण घेऊन ते कसं सांगता येईल ते पाहू.

मुलगा नऊ वर्षांचा. शाळेचा गृहपाठ संपता संपत नाही, म्हणून तपासणी झाली. वेक्सलर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत एकूण बुद्ध्यंक आला 89. भाषिक आकलन 106, दृश्य-अवकाशीय क्षमता 97, तर्क 94, कार्यस्मृती 79 आणि प्रक्रियेचा वेग 72. अहवालात लिहिलं होतं, ‘विचार करण्याचा वेग वयाच्या मानाने बराच कमी.’ पालक या वाक्याने दुखावले. मुलगा घरी तासन् तास ग्रहताऱ्यांवर बोलतो, अवघड प्रश्न विचारतो. त्याचा विचार मंद कसा? शिवाय त्या दिवशी त्याला सर्दी होती.

उत्तराच्या पत्रात मानसशास्त्रज्ञ आधी 89चा अर्थ सांगतात. या चाचणीत सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115च्या दरम्यान येतात. पण कुठलंही मोजमाप काही प्रमाणात हलतं. मुलाची झोप, त्याचं लक्ष, अंदाजाने बरोबर आलेलं एखादं उत्तर, हे सगळं त्यात मिसळतं. एकूण बुद्ध्यंकाच्या बाबतीत ही हालचाल दोन्ही बाजूंना सुमारे 6 गुणांची असते. म्हणून 89 याचा अर्थ ‘बहुधा 83 ते 95च्या मधे कुठेतरी’ असा घ्यायचा. प्रक्रियेच्या वेगाचा निर्देशांक अवघ्या दोन छोट्या उपचाचण्यांवर उभा असतो, त्यामुळे त्याची हालचाल जास्त, दोन्हीकडे सुमारे 10 गुण.

‘दुसऱ्या ठिकाणी 95 आले,’ पत्र पुढे म्हणतं, ‘तर आमचा अहवाल चुकीचा ठरला असं कृपया समजू नका. दोन्ही मोजमापांत आपापली चूक असते. त्यामुळे दोन एकूण बुद्ध्यंकांत 8 गुणांपर्यंत फरक दिसला, तर तो निव्वळ मोजमापाच्या चुकीमुळेही पडलेला असू शकतो.’

आता ‘लगेच’चा मुद्दा. तीच चाचणी काही आठवड्यांच्या आत पुन्हा घेतली, तर मुलाची क्षमता तसूभरही न बदलता एकूण बुद्ध्यंक सरासरी 5-6 गुणांनी वाढतो. याला सरावाचा परिणाम म्हणतात. ठोकळे जुळवण्याची युक्ती एकदा सापडली की ती विसरत नाही, घड्याळ लावलेल्या कामाची धास्ती दुसऱ्या वेळी उरत नाही. शब्दांचे अर्थ सांगण्यात ही वाढ कमी असते, वेगाच्या आणि आकृत्यांच्या कामांत जास्त. म्हणजे नेमक्या ज्या आकड्यावरून वाद आहे, तिथेच सराव सगळ्यात जास्त ढवळाढवळ करणार. म्हणून बहुतेक मानसशास्त्रज्ञ तीच चाचणी पुन्हा घेण्याआधी वर्षभर तरी थांबायला सांगतात. तितकं थांबणं शक्य नसेल तर वेगळी, तितकीच प्रमाणित चाचणी निवडायची.

इथे एक पळवाट पालकांच्या हाताला लागू शकते, आणि पत्रात ती स्पष्ट लिहावी असं मला वाटतं. चाचणीची जुनी आवृत्ती वापरली की आकडा वाढून येतो. अनेक देशांत विसाव्या शतकात मुलांची कामगिरी दर दशकाला सुमारे 3 गुणांनी चढत गेली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली तर आजच्या मुलाला पाच-सहा गुण फुकट मिळू शकतात. दुसऱ्या तपासनीसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: मानकं कोणत्या सालची?

मग पालकांचं म्हणणं चूक होतं का? नाही. त्यांची शंका योग्य जागी होती, पुन्हा चाचणी घेण्याची मागणी मात्र चुकीची होती. वेगाच्या दोन उपचाचण्यांपैकी एकीत आकड्यांखाली ठरवून दिलेली चिन्हं पेन्सिलने भरायची असतात, वेळ 120 सेकंद. दुसरीत चिन्हं शोधून फक्त खूण करायची. या मुलाला पहिलीत 4 आणि दुसरीत 6 गुण होते; या वयाच्या मुलांची सरासरी प्रत्येकीत 10 धरलेली असते. मूळ उत्तरपत्रिका काढून पाहिली तर पहिलीत एकही चिन्ह चुकलेलं नाही, पण प्रत्येक चिन्ह घासून घासून, जवळजवळ कोरून काढलेलं. ज्या कामात लिहावं लागतं तिथे तो आणखी खाली जातो. म्हणजे मंद काय आहे, विचार की हात, हे या आकड्यावरून ठरत नाही. 72 हा आकडा खरा असूनही ‘विचार करण्याचा वेग कमी’ हे वाक्य घाईचं ठरू शकतं. दोन गुणांचा फरक इतक्या छोट्या उपचाचण्यांत योगायोगानेही पडतो, त्यामुळे उलट निष्कर्षही लगेच काढता येत नाही. सर्दीचा मुद्दाही तपासण्यासारखा आहे. तपासनीसाच्या नोंदीत मुलगा पेंगत होता की शेवटपर्यंत टिकून होता, हे लिहिलेलं असतं किंवा असायला हवं.

म्हणून पत्रात तीन कामं सुचवलेली आहेत. पहिलं, उत्तरपत्रिकेची पुन्हा गुणमोजणी, मूळ तपासनीस सोडून दुसऱ्या कुणीतरी. हे किरकोळ वाटतं, पण बेरजेच्या आणि तक्ता पाहण्याच्या चुका अनुभवी माणसांकडूनही होतात. या चाचणीचे तक्ते वयाच्या चार-चार महिन्यांच्या गटांत विभागलेले असतात. जन्मतारखेवरून वय काढताना एखादा महिना चुकला आणि मूल गटाच्या सीमेवर असेल, तर चुकीचा तक्ता उघडला जातो. दुसरं काम, हात आणि विचार वेगळे करणं: पेन्सिल न लागणाऱ्या वेगाच्या कामांची चाचणी, आणि लेखनाची सूक्ष्म हालचाल व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून तपासणं. तिसरं, शाळेतल्या वह्या आणि तोंडी परीक्षेचे गुण. तोंडी बरं आणि लेखी वाईट असं दिसलं तर तो हाताकडे बोट दाखवणारा मोठा पुरावा.

कागदपत्रांबद्दल पत्र थोडं काटेकोर होतं. अहवालाची प्रत पालकांना मिळेल. प्रश्नांसह भरलेली उत्तरपत्रिका मात्र त्यांच्या लेखी संमतीने थेट दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जाईल, कारण प्रश्न बाहेर फुटले तर ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निरुपयोगी होते. पालकांना हे लपवाछपवीसारखं वाटतं, म्हणून कारण लिहिणं भाग आहे. पाठवण्याचा क्रमही ठरवलेला बरा: दुसऱ्या तपासनीसाला आधी फक्त घेतलेल्या चाचण्यांची नावं आणि तारखा द्यायच्या, म्हणजे त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या जाणार नाहीत. पहिले आकडे आणि निष्कर्ष त्याने स्वतःचं मत कागदावर उतरवल्यानंतर वाचायचे. आधी 72 वाचलेला माणूस मुलाच्या प्रत्येक थांबण्यात मंदपणा शोधू लागतो.

शेवटच्या परिच्छेदात मानसशास्त्रज्ञ लिहितात, ‘आपण दुसरं मत घेतलंत तर त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे. आमचे निष्कर्ष वेगळे आले, तर कोणत्या उपचाचणीवरून आणि कोणत्या कारणाने, हे आम्ही दोघं मिळून आपल्याला लेखी कळवू. तोवर शाळेला एवढंच सांगावं: लेखी कामाला जादा वेळ द्यावा आणि शक्य तिथे उत्तरं तोंडी घ्यावीत. कारण हात असो वा विचार, या मुलाला आज या दोन्ही गोष्टींची गरज आहे.’