ग्रेडियंट ओव्हरले (छायाचित्रावरील कॅप्शनसाठी)

गजबजलेल्या छायाचित्रावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली कॅप्शन नीट वाचता यावी, यासाठी अक्षरे आणि चित्र यांच्यामध्ये घातलेल्या पारदर्शक व क्रमाने विरत जाणाऱ्या गडद थराला ग्रेडियंट ओव्हरले म्हणतात. डिझायनर त्याला ‘स्क्रिम’ असेही म्हणतात. हा शब्द रंगमंचावरील विरळ विणीच्या पडद्यावरून आला आहे. थर कॅप्शनच्या बाजूला, बहुधा तळाशी, सर्वांत दाट असतो आणि चित्राच्या मध्याकडे जाताना नाहीसा होतो.

या थराने दोन कामे होतात. पहिले उघड आहे: पार्श्वभूमी काळवंडते आणि पांढरे अक्षर उठून दिसते. दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. ६० टक्के काळा थर चित्रातील ० ते २५५ हा उजेडाचा पल्ला ० ते १०२ इतका आक्रसवतो, म्हणजे अक्षरांमागील उजेड-सावलीची झटापटही तेवढीच मंदावते. अक्षराभोवती फक्त सावली दिली तर ही झटापट कायम राहते, आणि म्हणूनच गर्दीच्या चित्रावर सावलीचा उपाय अपुरा पडतो.

थर किती दाट हवा, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या निर्देशांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला (२४ पिक्सेल व त्याहून मोठा, ठळक असल्यास सुमारे १८.५ पिक्सेलपासून) ३:१ कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्या अक्षरामागे ४.५:१ मिळवून देणारी सर्वांत उजळ करडी छटा #767676 ही आहे. छायाचित्रातील सर्वांत वाईट शक्यता म्हणजे शुभ्र पिक्सेल, आणि तो या छटेपर्यंत उतरवायला शुद्ध काळ्या थराची अपारदर्शकता सुमारे ५४ टक्के लागते. ३:१ साठी ४२ टक्के पुरतात.

वारीचे एखादे छायाचित्र घेतले तर ही वाईट शक्यता केवळ कागदावरची राहत नाही, कारण तळाशी पांढऱ्या टोप्या, सदरे आणि धोतरे यांचीच दाटी असते. समजा, चित्र ४०० पिक्सेल उंच आहे. त्यावर २० पिक्सेलच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीची उंची ३२ पिक्सेल, आणि खाली २४ पिक्सेल मोकळे आहेत. म्हणजे मजकुराचा माथा तळापासून ८८ पिक्सेलवर येतो. डिझायनर सहसा तळाशी ६० टक्के आणि १६० पिक्सेलवर शून्य असा सरळ ग्रेडियंट ओढतो. तळाशी तो उत्तम असतो, पण ८८ पिक्सेलवर त्याची घनता २७ टक्केच उरते, आणि तिथे शुभ्र टोपीवरील अक्षराचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २:१ भरतो. खालची ओळ वाचता येते, वरची टोप्यांत बुडते. या कामातील नेहमीची चूक हीच.

उपाय असा की, संपूर्ण मजकुरामागे थर एकसारखा ठेवावा आणि विरणे मजकूर संपल्यानंतर सुरू करावे. त्यासाठी ग्रेडियंट चित्राला न देता कॅप्शनच्या चौकटीला द्यावा आणि वर विरण्यापुरती जागा सोडावी:

```css
figcaption {
  padding: 128px 24px 24px;
  color: #fff;
  line-height: 32px;
  background: linear-gradient(to top,
    rgb(0 0 0 / 0.6) calc(100% - 124px),
    rgb(0 0 0 / 0));
}
```

आता तळापासून ९२ पिक्सेलपर्यंत थर ६० टक्केच राहतो, शुभ्र पिक्सेल #666666 होतो आणि कॉन्ट्रास्ट ५.७:१ पर्यंत जातो. कॅप्शन तीन ओळींची झाली तर चौकटीबरोबर दाट पट्टाही वाढतो. माथ्याचा हिशेब देवनागरीत शिरोरेषेपाशी थांबवता येत नाही. वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिच्या वर असतात, आणि आधी दिसेनासे होतात ते हेच बारीक अवयव.

विरण्याचा पट्टा आखूड असेल तर थर जिथे सुरू होतो तिथे डोळ्याला एक रेघ भासते. उताराचा कल अचानक बदलला की दृष्टी ती कड अधिक ठळक करून दाखवते. या भासाला एर्न्स्ट माख यांच्या नावावरून ‘माख पट्टे’ म्हणतात. मध्ये दोन-तीन थांबे देऊन दोन्ही टोकांचा उतार सौम्य केला की रेघ जाते. शुद्ध काळा रंग उन्हातल्या चित्रावर काजळीसारखा दिसतो, त्यामुळे चित्रातलीच एखादी अतिगडद छटा घेणे बरे. मात्र तिचा स्वतःचा उजेड असल्याने अपारदर्शकता थोडी वाढवावी लागते.

तपासणीसाठी छायाचित्र काढून त्या जागी कोरी पांढरी पाटी ठेवावी. तिच्यावर कॅप्शन वाचता आली तर कॉन्ट्रास्टच्या बाबतीत कोणत्याही चित्रावर अडणार नाही. तरीही पानांची जाळी किंवा दूरची गर्दी अक्षरांच्या रेषांइतकीच बारीक असेल, तर पुरेशा कॉन्ट्रास्टनंतरही डोळा अडखळतो. अशा वेळी थराखालचा भाग धूसर करावा किंवा सरळ भरीव पट्टी द्यावी. तळाशी चेहरे असतील तर थर त्यांनाच झाकतो, आणि मग कॅप्शनची जागा चित्राबाहेर आहे.