स्प्लिटर की टॅप? दिसायला सारखे, मॉडेमसाठी वेगळे

जुळे सोलापुरात माझ्या आत्याचं घर आहे. दिवाळीआधी घराला रंग दिला आणि दुसऱ्या दिवसापासून केबल मॉडेमचा डाऊनस्ट्रीमचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सिग्नलचा, दिवा लुकलुकतच राहिला. मॉडेम चॅनल शोधतोय, सापडत नाहीये, पुन्हा पहिल्यापासून शोधतोय, एवढाच त्या लुकलुकण्याचा अर्थ. केबलवाल्यांचा मुलगा येऊन टीव्ही बघून गेला आणि म्हणाला, "लाईन ओके आहे, मॉडेम गेलाय." आत्याचंही तेच: "अरे, टीव्ही तर झकास दिसतोय की! वायर कशी खराब असेल?"

मॉडेम चांगला होता आणि वायरही चांगली होती. गडबड होती टीव्हीच्या मागे भिंतीवर बसवलेल्या काडेपेटीएवढ्या चंदेरी डबीत. तिला घरात सगळे स्प्लिटर म्हणत होते. ती टॅप होती.

दोन्ही डब्यांना तीनच तोंडं, दोन्हींवर तेच पिळाचे एफ-कनेक्टर. फरक छापील अक्षरांत असतो. स्प्लिटरवर एक 'इन' आणि दोन 'आऊट' लिहिलेले असतात, बहुतेकदा शेजारी 3.5 डीबी, म्हणजे सिग्नल किती घटतो त्याचा आकडा. टॅपवर 'इन', 'आऊट' आणि 'टॅप' अशी तीन वेगळी नावं असतात, आणि 8, 12, 16, 20 असा एखादा आकडा. डबी धुळीने किंवा रंगाने माखली असेल तर ओल्या फडक्याने पुसून आधी हे वाचावं.

स्प्लिटर आलेल्या सिग्नलचे दोन सारखे वाटे करतो. निम्मी ताकद म्हणजे 3 डीबी, वर अर्धा-एक डीबी डबीतच खर्च होतो, म्हणून प्रत्येक तोंडावर साधारण 3.5 डीबी कमी. चार तोंडांचा असेल तर 7 च्या आसपास. टॅपचं काम वेगळं. तो मुख्य लाईनमधून थेंबभर काढून घेतो आणि बाकी सगळं पुढे जाऊ देतो. 12 चा टॅप असेल तर 'टॅप' तोंडावर 12 डीबी कमी, म्हणजे आलेल्या ताकदीचा जेमतेम सोळावा भाग, आणि 'आऊट'वर फक्त एखादा डीबी कमी. इमारतीत एका लाईनवर दहा घरं जोडायची तर हेच हवं: अँप्लिफायरजवळच्या घराला मोठ्या आकड्याचा टॅप, लांबच्या घराला लहान आकड्याचा, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळतं. घराच्या आत दोन खोल्यांसाठी मात्र मी स्प्लिटरच लावतो.

दिशेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. टॅपला दिशा असते. 'इन'कडून 'आऊट'कडे जाणाऱ्या सिग्नलमधूनच तो वाटा काढतो. वायरी उलट लावल्या, म्हणजे आलेली वायर 'आऊट'ला आणि टीव्हीची 'इन'ला, तर टीव्हीला काहीच कळत नाही, कारण त्या वाटेवर तोटा तेवढाच, एखादा डीबी. पण 'टॅप' तोंडावर 12 ऐवजी 25-30 डीबी कमी मिळतात. स्प्लिटरही उलटा लागला तर असंच होतं. आलेली वायर एका 'आऊट'ला लागली की 'इन'वरचा टीव्ही 3.5 डीबी कमी होऊन चालू राहतो, आणि दुसऱ्या 'आऊट'वरचा मॉडेम उपाशी, कारण दोन 'आऊट'मध्ये मुद्दामच 20 किंवा त्याहून जास्त डीबींची आडकाठी ठेवलेली असते.

रंगाऱ्याने डबी काढून ठेवली होती आणि परत लावताना टॅपच्या वायरी अशाच उलट लागल्या होत्या.

हे शोधायचं कसं? मॉडेमने चॅनल पकडलाच नाही तर तो लेव्हलही दाखवत नाही, म्हणून मॉडेमकडे नुसतं बघून उपयोग नाही. मी मॉडेम उचलून डबीपाशी नेला आणि बाहेरून येणारी वायर थेट त्याला लावली. दोन-तीन मिनिटांत दिवा स्थिर झाला. लॅपटॉप लॅन वायरने जोडून ब्राउझरमध्ये 192.168.100.1 उघडलं, इंटरनेट नसलं तरी बहुतेक मॉडेमचं हे पान उघडतं. डाऊनस्ट्रीम पॉवर +6 dBmV. मानकाप्रमाणे मॉडेमला −15 ते +15 चालतं, पण निवांत चालायला −7 ते +7 मध्ये असावं. केबलवाल्यांच्या मीटरवर आकडा साठीच्या पुढे दिसतो कारण ते दुसऱ्या एककात मोजतात; त्यातून 60 वजा केले की मॉडेमचा आकडा येतो. त्यांचं 66 म्हणजे आपलं +6.

मग वजाबाकी. डबीपासून मॉडेमपर्यंत आरजी-6 ची पंधरा मीटर वायर, तिचे साधारण अडीच डीबी. टॅप सरळ असता तर 6 वजा 12 वजा 2.5, म्हणजे −8.5. उत्तम नाही, पण मॉडेम चालला असता. उलट्या टॅपने 6 वजा 30 वजा 2.5, म्हणजे −26.5. एवढ्यावर तो शोधतच राहणार.

थेट वायरीवरही दिवा लुकलुकत राहिला असता, तर मी कनेक्टर उघडले असते. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी, चकचकीत असावी, हिरवट झालेली नसावी, आणि जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. माझ्या अनुभवात गच्चीवर उन्हापावसात उघडा राहिलेला कनेक्टर आधी जातो. कनेक्टरचा दोष आणि डबीचा दोष ओळखायची खूण अशी: डबी सगळ्या चॅनलांचं जवळपास सारखंच कमी करते. मधली तार तुटून फट पडली असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल जास्त पडतात, वरचे कसेबसे येतात, आणि वायर हलवली की आकडे नाचतात.

बदली डबी आणताना एक जपा. डीटीएचच्या दुकानात मिळणाऱ्या काही स्प्लिटरवर 950-2400 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. केबलचे चॅनल 950 च्या खाली असतात, त्यामुळे अशा डबीतून मॉडेमला भरवशाचं काहीच मिळत नाही. 5-1000 लिहिलेला घ्यावा.

आत्याकडे आधी फक्त 'इन' आणि 'आऊट'च्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. मॉडेम लगेच लागला, −8.3 वर, हिशोबाच्या अगदी जवळ. पण अपस्ट्रीम पॉवर 49 दिसत होती. टॅपचे 12 डीबी परतीच्या वाटेवरही आडवे येतात, म्हणून मॉडेमला तेवढं जोरात ओरडावं लागतं, आणि आकडा पन्नाशी ओलांडू लागला की त्याच्या हाती राखीव जोर थोडाच उरतो. टॅप काढून दोन तोंडांचा स्प्लिटर बसवला. डाऊनस्ट्रीम शून्याच्या आसपास आला, अपस्ट्रीम 49 वरून 41 वर उतरला, आणि टीव्हीच्या चित्रात काहीही फरक पडला नाही.