मृत्युपूर्व जबाब व गैरहजर व्यक्तीचे कथन

जी व्यक्ती न्यायालयात येऊन साक्ष देऊ शकत नाही, तिने आधी केलेले कथन पुरावा म्हणून वाचण्याची मुभा कायदा काही ठरावीक प्रसंगी देतो. अशा कथनांपैकी सर्वांत परिचित प्रकार म्हणजे मृत्युपूर्व जबाब. आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनेतून मृत्यू ओढवला तिच्या परिस्थितीविषयी, मृताने केलेले हे कथन असते. पूर्वी ही तरतूद 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 32 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 26 मध्ये आहे. कलमाचा आकडा बदलला, आशय जवळजवळ तोच राहिला. सोलापूरच्या कोर्टात आणि सिव्हिलच्या वॉर्डात मात्र वकील, पोलीस, डॉक्टर सगळेच अजून ‘डाइंग डिक्लरेशन’चे लघुरूप ‘डीडी’ एवढेच म्हणतात.

एरवी न्यायालय ऐकीव पुरावा घेत नाही, कारण बोलणाऱ्याला शपथ नसते आणि त्याची उलटतपासणी होत नाही. मृत्युपूर्व जबाबातही या दोन्ही गोष्टी नसतात. तरी तो घेतला जातो, याचे समर्थन म्हणून मरणारा माणूस खोटे बोलत नाही हे जुने सूत्र सांगितले जाते. व्यवहारातले कारण याहून साधे आहे. ज्याने मारणाऱ्याला पाहिले तोच गेला, आणि त्याचे शब्द टाकून दिले तर पुष्कळदा मागे काहीच उरत नाही.

इंग्लंडच्या जुन्या नियमानुसार बोलणाऱ्याने जगण्याची आशा सोडलेली असणे आवश्यक होते. भारतीय कायद्याने ही अट कधीच ठेवली नाही. 1939 मध्ये ब्रिटिश काळातील शेवटच्या अपिलाचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेला पाकला नारायण स्वामी खटला याचे ठळक उदाहरण आहे. पुरी रेल्वे स्थानकावर एका ट्रंकेत मृतदेह सापडला होता. घरातून निघताना मृताने पत्नीला सांगितले होते की, येणे असलेले पैसे घेण्यासाठी बोलावणे आले आहे म्हणून ओडिशातल्या बेरहामपूरला जातो. तेव्हा मरणाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. तरीही त्याचा तो प्रवास मृत्यूच्या घटनेशी थेट जोडलेला असल्याने ते कथन ग्राह्य ठरले. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (1984) विवाहितेने मृत्यूआधीच्या काही महिन्यांत माहेरच्या माणसांना आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे याच तरतुदीखाली वाचली गेली. पत्रे वाचली गेली, पण आरोपी सुटला. कथन ग्राह्य असणे आणि त्यावर विश्वास बसणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत त्यांची हमखास गल्लत होते.

विश्वासाच्या पायरीवरचा पायाभूत निकाल नागपूरच्या खुशालराव प्रकरणातला आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जबाब खरा आणि स्वेच्छेचा वाटला तर दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा नसतानाही केवळ त्याच्या आधारे शिक्षा देता येते. त्यानंतर बराच काळ वाद राहिला तो डॉक्टरच्या शेऱ्याचा. ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ एवढे लिहिलेले असेल आणि ‘जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे’ असे लिहिलेले नसेल, तर काय करायचे? लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2002) या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो मिटवला. डॉक्टरचा शेरा ही सावधगिरी आहे, अट नाही. जबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकाऱ्याने स्वतः खात्री केली होती आणि त्याची साक्ष पटण्यासारखी आहे, तर तेवढे पुरते.

सोलापुरात या विषयाला भाषेचा एक वेगळा पदर आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर राबणाऱ्या पद्मशाली कुटुंबांत घरची बोली तेलुगू असते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातून येणाऱ्या अनेकांची भाषा कन्नड असते. जबाबाचा कागद मात्र मराठीत लिहिला जातो. बरे असताना ही माणसे झकास मराठी बोलतात. भाजलेल्या, वेदनेने कळवळणाऱ्या माणसाच्या तोंडी मात्र आईची भाषा येते.

जबाब कसा होतो ते आधी पाहू. भाजलेला किंवा जखमी रुग्ण दाखल झाला की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याजोगे प्रकरण, अशी नोंद होते आणि रुग्णालयातील पोलीस चौकीला कळवले जाते. पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याला पत्र देतात, आणि बहुधा नायब तहसीलदार वॉर्डात येतात. डॉक्टर रुग्ण तपासतात, वेळ घालून शेरा देतात. नातेवाइकांना बाहेर काढले जाते. मग प्रश्न आणि उत्तर अशा स्वरूपात, शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत, जबाब लिहिला जातो, वाचून दाखवला जातो, त्यावर सही किंवा अंगठा घेतला जातो आणि शेवटी डॉक्टरचा दुसरा शेरा येतो. दंडाधिकारी यायच्या आत रुग्ण दगावेल असे वाटले तर डॉक्टर किंवा पोलीसही जबाब घेऊ शकतात. पोलिसांपुढचे इतर जबाब पुराव्यात वाचता येत नाहीत, पण मृत्युपूर्व जबाबाला या बंदीतून वगळलेले आहे. शेजाऱ्याला तोंडी सांगितलेलेही चालते, फक्त ऐकणाऱ्याला मूळ शब्द आठवतात का, हे न्यायालय बारकाईने तपासते.

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. पूर्व भागातली एक विवाहिता रात्री साडेनऊला साठ टक्के भाजून दाखल होते. आणणारी सासू सोबत उभी असते. केस पेपरवर डॉक्टर लिहितात: ‘स्वयंपाक करताना स्टोचा भडका, स्वतः रुग्णाने सांगितले.’ मध्यरात्री नायब तहसीलदार येतात. ती म्हणते, ‘मा अत्ता पोसिंदी.’ तेलुगूत याचा अर्थ ‘माझ्या अत्तेने ओतले’. पण तेलुगूत ‘अत्त’ म्हणजे सासू आणि वडिलांची बहीणही. मराठी कानाला तो शब्द ‘आत्या’ वाटतो. घाईत ‘आत्ता’ही वाटू शकतो. मध्ये उभी असलेली नर्स तेलुगू जाणते. ती सांगते ‘सासू’, आणि कागदावर येते: ‘माझ्या सासूने अंगावर रॉकेल ओतले व पेटवून दिले.’ तिसऱ्या दिवशी रुग्ण दगावते. तिची सख्खी आत्या त्याच गल्लीत राहते.

बचाव पक्ष तीन ठिकाणी बोट ठेवणार. पहिले, ‘पेटवून दिले’ हे तिचे शब्द नव्हेत, ती फक्त ‘ओतले’ म्हणाली. दुसरे, अत्त म्हणजे कोण? तिसरे, भाषांतर करणाऱ्या नर्सचे नावच कागदावर नाही. यातला तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. दंडाधिकाऱ्याने जे ऐकले ते नर्सच्या तोंडून ऐकले, त्यामुळे नर्स साक्षीला आली नाही तर त्याची साक्ष ऐकीवाच्या जवळ जाते. जबाब मराठीत लिहिला एवढ्यावरून तो बाद होत नाही. लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा येत असतील तर सहसा अडचण नसते. नसतील तर दुभाष्याचे नाव, त्याची सही आणि पुढे त्याची साक्ष लागते. तेवढ्यापुरते मूळ तेलुगू वाक्य देवनागरीत जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि पुढचा प्रश्न विचारावा: ‘अत्त म्हणजे नवऱ्याची आई की वडिलांची बहीण?’ एवढ्या एका प्रश्नाने दुसरा मुद्दा संपतो.

मग राहतो केस पेपर. तो विसरला जातो, पण तोही मृत्युपूर्व जबाबच आहे, आणि तो पहिला आहे. दोन जबाब परस्परविरोधी असतील तर न्यायालय त्यांची मोजणी करत नाही. प्रत्येक जबाब कोणत्या परिस्थितीत दिला गेला, याचा विचार करते. इथे पहिल्या वेळी सासू बाजूला उभी होती, दुसऱ्या वेळी खोली रिकामी होती. अपघाताची हकीकत दबावाखाली दिली गेली, असे म्हणायला हे कारण पुरेसे ठरू शकते. उलट, दोन जबाबांच्या मधल्या वेळात माहेरची माणसे येऊन बोलून गेली असतील, तर दुसरा जबाब पढवलेला असल्याचा संशय येतो. म्हणून मधल्या तासांत कोण कोण भेटले, हे वॉर्डातल्या नोंदींवरून आणि साक्षीदारांकडून काढावे लागते. घटनास्थळाचा पंचनामाही इथे बोलतो. स्टो फुटलेला नाही, त्याची टाकी भरलेली आहे आणि रॉकेलचा वास अंथरुणाला येतो, असे त्यात असेल तर भडक्याची गोष्ट टिकत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष हवे. ‘मी जळाले’, ‘मी जाळून घेतले’, ‘मला जाळले’ ही तीन वाक्ये अपघात, आत्महत्या आणि खून अशा तीन दिशांना जातात. लिहिणाऱ्याने भाषा सुधारून लिहिली की जबाब छापील फॉर्मसारखा दिसू लागतो. अनुभवी वकील आधी तेच शोधतात: जळालेल्या बाईच्या तोंडी ‘सदर इसमाने’ हे शब्द कसे आले?

भाजण्याच्या टक्केवारीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. नव्वदच्या पुढे भाजलेल्या रुग्णांचे जबाबही न्यायालयांनी स्वीकारले आहेत, कारण भाजल्यावर काही तास शुद्ध टिकू शकते. वेदनाशामक इंजेक्शन किती वाजता दिले आणि जबाब किती वाजता झाला, हे दोन आकडे अधिक कामाचे. आणि अंगठा. दोन्ही हात जळाले असे शवविच्छेदनात असेल आणि जबाबावरच्या ठशात रेषा लख्ख उमटल्या असतील, तर ठसा कोणाचा हा प्रश्न उभा राहतोच. बोलता येत नसेल तर खुणाही चालतात. 1885 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गळा चिरलेल्या एका तरुणीने नावे विचारल्यावर हाताने केलेल्या खुणा ग्राह्य धरल्या होत्या.

रुग्ण वाचला तर त्याचा जबाब मृत्युपूर्व राहत नाही. मग त्याने कोर्टात येऊन सांगावे लागते, आणि तो कागद केवळ त्याच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडण्यासाठी वापरता येतो.

जिवंत असूनही हजर नसलेल्या माणसाबाबत कायदा फार कंजूष आहे. तो सापडत नाही, साक्ष देण्यास असमर्थ आहे, किंवा अवाजवी खर्च व विलंबाशिवाय त्याला आणता येत नाही, असे दाखवावे लागते. त्यानंतरही फक्त ठरावीक प्रकारची कथने चालतात: धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेली वहीतली नोंद, स्वतःच्याच हिताविरुद्धची कबुली, नात्यागोत्याविषयीचे बोलणे आणि अशी आणखी काही. पेढीच्या बेपत्ता दिवाणजीची रोजमेळातली नोंद यात बसते. त्याच माणसाने आधीच्या खटल्यात शपथेवर साक्ष दिली असेल तर ती साक्ष्य अधिनियमाच्या कलम 27 खाली वाचता येते. पण वाद त्याच पक्षांत असावा, प्रश्न मुळात तोच असावा, आणि विरुद्ध पक्षाला तेव्हा उलटतपासणीचा हक्क व संधी मिळालेली असावी. आरोपी फरार असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 335 खाली त्याच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवून ठेवता येतात. आरोपी सापडेपर्यंत साक्षीदार मेला, तर तीच साक्ष त्याच्याविरुद्ध वापरली जाते. हंगाम संपवून गावी निघून गेलेल्या ऊसतोड मजुराने पोलिसांपुढे दिलेला जबाब मात्र यातल्या कशातच बसत नाही. त्याला समन्स पाठवून बोलवावेच लागते.