नुसता निफ्टी पाडून बघणं वेगळं आणि निफ्टीसोबत विक्स उडवून बघणं वेगळं

बऱ्याच जणांची स्ट्रेस टेस्ट म्हणजे काय असते, तर पोर्टफोलिओचा बीटा घ्यायचा, निफ्टी 8 टक्के पडला असं धरायचं, गुणाकार करायचा आणि "एवढंच जाईल ना, चालतंय" म्हणून ॲप बंद करायचं. नुसते शेअर्स असतील तर हे बऱ्यापैकी चालतं, कारण व्होलॅटिलिटी वाढली म्हणून शेअरच्या भावात वेगळं काही जमा होत नाही, भाव काय तो पडलेला असतोच. पण त्याच शेअर्सवर मार्जिन घेऊन ऑप्शन विकले असतील तर हा हिशोब अर्धाच आहे, आणि गंमत म्हणजे तो बघताना पूर्ण वाटतो.

एक उदाहरण घेऊ. 25 लाखांचे शेअर्स, बीटा 1.1. निफ्टी 25,000 वर. शेअर्स प्लेज करून 23,000 चा पुट विकलाय, एक्स्पायरीला 30 दिवस, 75 चा लॉट धरला तर चार लॉट म्हणजे 300 नग. त्या पुटची आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली व्होलॅटिलिटी, 18 टक्के धरली तर प्रीमियम येतो साधारण 22 रुपये, म्हणजे हातात 6,600. विकणाऱ्याच्या डोक्यात काय असतं, तर 2,000 पॉइंट खाली कोण जातंय.

आता पहिली टेस्ट. एका दिवसात निफ्टी 8 टक्के पडून 23,000 वर आला, बाकी सगळं जैसे थे. शेअर्समध्ये 8.8 टक्के, म्हणजे 2.20 लाख गेले. पुट 22 चा 413 झाला, तिथे 1.17 लाख. एकूण 3.37 लाख. ब्रोकरच्या पेऑफ ग्राफवर निफ्टीचा स्लायडर खाली ओढला की बहुतेक वेळा हाच आकडा दिसतो, कारण आयव्हीचा स्लायडर बाजूला तसाच पडलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. त्यातून एक्स्पायरीची रेषा बघितली तर पुटवर तोटाच दिसत नाही, उलट 6,600 खिशात! त्या रेषेनेच लोक फसतात असं माझं मत आहे.

दुसरी टेस्ट तीच, फक्त आयव्ही 18 वरून 40 केली. शेअर्सचा तोटा तोच, 2.20 लाख. पण पुट 413 ऐवजी 989 ला जातो, तिथे 2.90 लाख, एकूण 5.10 लाख. निफ्टी दोन्हीकडे 23,000 वरच आहे हे लक्षात घ्या, 1.73 लाखांचा फरक निव्वळ व्होलॅटिलिटीचा.

40 हा आकडा हवेतला नाही. 12 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात 8 टक्क्यांहून जास्त पडला तेव्हा इंडिया विक्स, म्हणजे निफ्टी ऑप्शन्सच्या आयव्हीवरून निघणारा आकडा, 40 च्या पुढे गेला होता, आणि 23 मार्चला निफ्टी जवळपास 13 टक्के पडला तेव्हा 70 च्याही वर.

पण विक्स किती उडवायचा याचा ठरलेला रेट नाही, इथे मात्र डोकं लावावं लागतं. 4 जून 2024, निवडणूक निकालाचा दिवस, निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडला आणि विक्स 21 च्या आसपास होता तो 27 च्या जवळ बंद झाला, कारण निकालाची धाकधूक आधीच भावात होती. पुढे 5 ऑगस्टला निफ्टी पडला फक्त 2.7 टक्के पण विक्स 40 टक्क्यांहून जास्त उसळला, कारण तो 14 च्या आसपास निवांत झोपला होता. म्हणून मी विक्स खाली असेल तेव्हा टेस्टमधली उडी मोठी धरतो, जेव्हा नेमकं सगळ्यांना सगळं सेफ वाटत असतं.

दुसऱ्या टेस्टमध्ये मार्जिनही बघायला लागतं. एक्स्चेंजचं स्पॅन मार्जिन मुळातच भाव आणि व्होलॅटिलिटी दोन्ही एकत्र हलवून सगळ्यात वाईट तोटा काढतं. म्हणजे पुटचं मार्जिन वाढतं, त्याच दिवशी प्लेज केलेल्या शेअर्सची किंमत कमी होते, आणि पैसे दोन्ही बाजूंनी कमी पडतात. मग ब्रोकर पोझिशन कापतो, तीही 989 ला नाही, कारण अशा दिवशी बिड आणि आस्कमध्ये एवढं अंतर पडलेलं असतं की कॅल्क्युलेटरमधला भाव मिळेलच असं नाही.

उलट बाजूही आहे. हाच पुट विकत घेतला असता तर पहिल्या टेस्टने हेजची किंमत निम्म्याहून कमी दाखवली असती. फक्त ते 989 फार वेळ टिकतील असं धरू नका, जून 2024 मध्ये दुसऱ्याच दिवशी विक्स 20 च्या खाली आला होता.