गिगाबिटसाठी कॅट ५ई की कॅट ६? आधी तार तांब्याची आहे का ते बघा

घराच्या किंवा छोट्या ऑफिसच्या वायरिंगसाठी लॅन केबल घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ‘फाइव्ह-ई देऊ की सिक्स?’ ऐकायला वाटतं की फाइव्ह-ई म्हणजे हळू आणि सिक्स म्हणजे वेगवान. गिगाबिटपुरतं बोलायचं तर तसं काहीच नाही. दोन्ही केबलवर १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट चालतं आणि दोन्हींवर स्पीडटेस्टचा आकडा सारखाच येतो. खरा फरक पाडणारा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारतच नाही: आतली तार कशाची आहे?

तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवण्याचं मानक १९९९ सालचं आहे आणि ते मुळात साध्या कॅट ५ केबलसाठी आखलं होतं. त्यात केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या एकाच वेळी, दोन्ही दिशांना वापरल्या जातात. प्रत्येक जोडीच्या वाट्याला २५० मेगाबिट येतात. एकाच संकेतात एकापेक्षा जास्त बिट कोंबल्यामुळे सेकंदाला फक्त साडेबारा कोटी संकेत पाठवावे लागतात. हे सगळं १०० मेगाहर्ट्झच्या आत बसतं आणि कॅट ५ई नेमकी १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. ‘ई’ ही सुधारणाही गिगाबिट डोळ्यांसमोर ठेवूनच आली. चारही जोड्या एकदम बोलू लागल्यावर एकीचा आवाज दुसरीत किती झिरपतो, यावर तिने कडक मर्यादा घातल्या.

कॅट ६ चं मानक २००२ चं, तपासणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत. तार थोडी जाड, म्हणजे २४ ऐवजी बहुधा २३ गेजची. पीळ जास्त घट्ट. आणि बऱ्याच केबलमध्ये जोड्या वेगळ्या ठेवणारी प्लास्टिकची अधिक-चिन्हासारखी पट्टी. १०० मेगाहर्ट्झवर मोजलं तर शेजारच्या जोडीत झिरपणाऱ्या आवाजाची मर्यादा कॅट ५ई पेक्षा साधारण आठपट कडक आहे. पण गिगाबिटला एवढ्या स्वच्छतेची गरज नसते. ती कामाला येते पुढच्या पायऱ्यांवर. अडीच गिगाबिट कॅट ५ई वर १०० मीटर जातं, पाच गिगाबिटला तेवढ्याच अंतरासाठी कॅट ६ लागते, आणि दहा गिगाबिट कॅट ६ वर फार तर ५५ मीटर, तेही केबलींचा जाड जुडगा नसेल तर.

म्हणून माझं मत असं: भिंतीत पाइप टाकून कायमची केबल ओढायची असेल तर कॅट ६ घ्या, कारण मजुरी तेवढीच लागते आणि भिंत पुन्हा फोडायची नसते. पण घरात आधीच चांगली कॅट ५ई असेल तर गिगाबिटसाठी ती काढून टाकणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. आणि कॅट ६ घेतलीत तर जॅक आणि प्लगही कॅट ६ चेच घ्या. जाड तारा फाइव्ह-ई च्या प्लगमध्ये नीट बसत नाहीत, शिवाय साखळीतला एक जरी तुकडा फाइव्ह-ई चा असला तरी अख्खी जोडणी फाइव्ह-ई चीच धरली जाते. जोडताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. हे दोन्हींना लागू आहे, आणि कित्येक कारागीर इंच-दीड इंच उलगडून मोकळे होतात.

आता सीसीएकडे येऊ, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर ‘कॅट ६’ छापलेलं असतं, भाव बराच कमी असतो, आणि ‘सीसीए’ ही अक्षरं एक तर बारीक असतात किंवा नसतातच. या तारेत बहुतेक वेळा आकारमानाने दहा टक्केच तांबं असतं. टीआयए या अमेरिकी संस्थेच्या मानकात केबलची तार तांब्याचीच हवी, त्यामुळे सीसीए केबल खरं तर कॅट ६ नसते आणि कॅट ५ई सुद्धा नसते. छापलेला आकडा फक्त वेष्टनाचा.

दुकानदार यावर एक युक्तिवाद करतो आणि तो अर्धा खरा आहे: ‘सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, आत काय आहे त्याने काय फरक पडतो?’ १०० मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम साडेसहा मायक्रॉनमध्ये वाहतो आणि मुलामा तेरा-एक मायक्रॉनचा असतो. तिथवर तो बरोबर आहे. पण गिगाबिटचा सिग्नल काही फक्त १०० मेगाहर्ट्झवर नसतो. एक मेगाहर्ट्झच्या आसपास प्रवाह ६५ मायक्रॉन खोल उतरतो, म्हणजे थेट अॅल्युमिनियममध्ये. आणि पीओईची, म्हणजे त्याच लॅन केबलमधून उपकरणाला दिलेली वीज तर डीसी. ती तारेच्या अख्ख्या जाडीतून वाहते, तिला मुलाम्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आकड्यांत बघू. २४ गेजच्या तांब्याच्या एका तारेचा रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. मानकाची मर्यादा ९.३८. त्याच जाडीची सीसीए तार १३.४ ओहमच्या आसपास जाते. म्हणजे नवी केबल खोक्यातून काढली तेव्हाच ती नापास झालेली असते. वर स्वस्त केबलमध्ये तार अनेकदा सांगितल्यापेक्षा बारीकही असते. २६ गेजची सीसीए निघाली तर आकडा २१ ओहमवर पोचतो.

तरी ती ‘चालते’, आणि गोंधळ इथेच होतो. समजा, फाटकावर ४० मीटर लांब एक कॅमेरा आहे आणि रात्री आयआर दिवे लागल्यावर तो ६ वॉट खातो. ४८ व्होल्टच्या पीओई स्विचवरून वीज दिली तर प्रवाह जेमतेम १२५ मिलिअँपिअर लागतो. दोन तारा जायला आणि दोन यायला, असा सीसीएचा रेझिस्टन्स ५.४ ओहम भरतो. पाऊण व्होल्टसुद्धा गळत नाही, कॅमेरा वर्षानुवर्षं मजेत चालतो आणि कारागीर म्हणतो, बघा, काही झालं का? तोच कॅमेरा, त्याच केबलमधल्या मोकळ्या तारांतून वीज पाठवणाऱ्या साध्या स्प्लिटरने १२ व्होल्टवर चालवला की प्रवाह अर्ध्या अँपिअरवर जातो आणि वाटेत २.७ व्होल्ट गळतात. कॅमेऱ्यापाशी उरतात ९.३. दिवसा चित्र ठीक, आणि अंधार पडून दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. तांब्याच्या केबलवर १०.३ व्होल्ट पोचले असते. तेही काठावरच, म्हणून एवढ्या अंतरावर १२ व्होल्ट पाठवूच नयेत हे खरं. पण चूक पोटात घालायला तांब्याकडे जागा असते, सीसीएकडे ती उरलेली नसते. २५ वॉटचा फिरता कॅमेरा किंवा मोठा वाय-फाय अॅक्सेस पॉइंट ७०-८० मीटरवर असेल तर ४८ व्होल्टवरही हीच गत होऊ शकते, विशेषतः गच्चीच्या पत्र्याखाली केबल तापत असेल तेव्हा.

वेगाच्या बाबतीत सीसीए दगा देते ती बहुधा टोकाला, जोडणीत. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा कमजोर असतं. पंच करताना, म्हणजे तार जॅकमध्ये दाबून बसवताना, जॅकची पाती तारेत रुततात, मुलामा कापला जातो, उघड्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढतो आणि काही महिन्यांनी एखादी जोडी सैल होते. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही. दोन्ही टोकांची उपकरणं वेग ठरवण्याची बोलणी त्याच दोन जोड्यांवर करतात, त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी ‘गिगाबिट’ असंच ठरतं. मग जोडणी जमत नाही, आणि बरीच उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेऊन केबलवर कायम ९४-९५ च दिसत असतील तर हेच झालंय असं समजा, कारण १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात तेवढेच हाती येतात. गिगाबिटवर हा आकडा ९४० च्या घरात असतो. अशा वेळी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी जोडणीचा वेग बघून घ्या. लिनक्सवर पहिल्या दोन आज्ञा (`eth0` च्या जागी आपल्या पोर्टचं नाव), विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तिसरी:

```
sudo ethtool eth0
sudo ethtool --cable-test eth0
Get-NetAdapter
```

`Speed: 100Mb/s` दिसलं तर आधी राउटर आणि संगणकाकडच्या छोट्या पॅचकॉर्ड बदला, मग जॅक पुन्हा पंच करा. दुसरी आज्ञा नेटवर्क कार्डाची साथ असेल तरच चालते, पण चालली तर कोणती जोडी तुटलीय आणि साधारण किती मीटरवर, हेसुद्धा सांगते. आठ दिव्यांच्या टेस्टरवर मात्र विसंबू नका. तार जोडलेली आहे एवढंच तो सांगतो. सीसीए तिथे सहज पास होते.

विकत घेताना ओळखणं सोपं आहे. एका तारेचं वेष्टन सोलून ब्लेडने खरवडा: आत चंदेरी दिसलं तर अॅल्युमिनियम, तांबूसच राहिलं तर तांबं. खोका उचलूनही कळतं. ३०५ मीटरच्या कॅट ६ मध्ये तांबंच साधारण साडेपाच किलो भरतं, सीसीएची तार दोन किलोच्या आसपास, त्यामुळे दोन खोके शेजारी ठेवले तर हातालाच फरक लागतो. खात्रीच हवी असेल तर मल्टीमीटर घ्या. ५० मीटर केबलच्या एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा वजा करा. २४ गेज तांब्याला साडेआठच्या आसपास, २३ गेजला पावणेसातच्या आसपास आकडा यायला हवा. दहा किंवा त्याहून जास्त आला तर केबल परत करा, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

भिंतीत सीसीए आधीच असेल तर लगेच तोडफोड नको. गिगाबिट टिकून असेल आणि त्यावरून जड पीओई जात नसेल तर तिला राहू द्या, फक्त टोकं सारखी उकरून पुन्हा पुन्हा पंच करू नका. बदलायची वेळ आलीच तर जुन्या केबलला थेट नवी बांधून ओढू नका, कारण ही तार कमी ताणात तुटते आणि तुकडा पाइपातच अडकतो. आधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून तेवढीच ओढून घ्या, आणि नवी तांब्याची केबल त्या दोरीने आत घ्या.