अनुस्पंदन, एकसरी आर-एल-सी मंडलातील

रोध (R), वेटोळे (L) व धारित्र (C) एकसरीत जोडून प्रत्यावर्ती दाब दिला असता एका ठरावीक कंप्रतेला वेटोळ्याचा व धारित्राचा रिॲक्टन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला त्यांचा होणारा विरोध, समान होऊन परस्परांना निष्प्रभ करतो. मग प्रवाहाला अडवणारा फक्त R उरतो आणि प्रवाह कमाल होतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. ही कंप्रता f₀ = 1/(2π√(LC)).

अनुस्पंदनाची तीक्ष्णता गुणवत्ता गुणक Q = 2πf₀L/R याने मोजतात. Q हे अक्षर 'क्वालिटी'वरून आले, असे पाठ्यपुस्तकांत सहसा गृहीत धरलेले दिसते. मात्र वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील अभियंता के. एस. जॉन्सन यांनी ते साधारण १९२० च्या सुमारास, इतर अक्षरे आधीच वापरात असल्यामुळे निवडले, ही माहिती अधिक ग्राह्य वाटते. त्याआधी, बहुधा १९१४ पासून, ते याच गुणोत्तरासाठी K वापरत. तसे असेल तर 'गुणवत्ता' हा अर्थ अक्षराला मागाहून चिकटला.

निव्वळ रिॲक्टन्स R इतका झाला की प्रवाह कमाल मूल्याच्या ७०.७ टक्के व शक्ती निम्मी होते. अशा दोन कंप्रतांमधील अंतर म्हणजे पट्टारुंदी. तिचे मूल्य R/(2πL), म्हणजेच f₀/Q येते. त्यात C नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे: धारित्र शिखराची जागा बदलते, रुंदी बदलत नाही.

आकाशवाणी रत्नागिरीची मध्यम लहरीवरील ११४३ किलोहर्ट्झ ही कंप्रता उदाहरणार्थ घेऊ. रेडिओतील फेराइट दांड्यावरच्या वेटोळ्यात लहरीमुळे उपजणारा दाब वेटोळ्याशी एकसरीत असतो, म्हणून हेच गणित लागू पडते. L २०० मायक्रोहेन्री असेल तर C सुमारे ९७ पिकोफॅरड लागतो आणि वेटोळ्याचा रिॲक्टन्स १४३६ ओहम येतो. R १४.४ ओहम असल्यास Q १०० व पट्टारुंदी ११.४ किलोहर्ट्झ. भारतात मध्यम लहरीची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर असतात. R दुप्पट झाला तर रुंदी २३ किलोहर्ट्झच्या आसपास जाऊन शेजारची ११३४ व ११५२ ही स्थानेही आत येतात. उलट Q २०० केला तर ५.७ किलोहर्ट्झच उरतात आणि आवाजातील उंच स्वर दबतात. Q जितका जास्त तितके बरे, हा समज म्हणून अपुरा आहे.

प्रयोगशाळेत ५० ओहमचा संकेतजनक वापरताना त्याचा रोध R मध्ये मिळवणे विसरले जाते. वरील मंडलात त्याने Q १०० वरून जेमतेम २२ वर येतो.

किनाऱ्यावरील खारी, दमट हवा मंडल दोन प्रकारे बिघडवते आणि प्रत्येकाची खूण वेगळी. सांधे गंजून R वाढला, तर शिखर जागेवर राहून बसके होते. ओलीने वेटोळ्याच्या वेढ्यांमध्ये पसरलेली धारिता वाढली, तर शिखर खालच्या कंप्रतेकडे सरकते. पावसाळ्यात बहुधा दोन्ही एकदम घडतात. अशा वेळी आधी ट्रिमर, म्हणजे जुळणीचा छोटा बदलता धारित्र, फिरवून शिखर पुन्हा ११४३ वर आणावे, मगच रुंदी मोजावी.